मदत हवी आहे: बालवाडीची 'प्रवेश सुरू' पोस्ट टाकली, फोन येतायत पण प्रवेश होत नाहीत

ओटीवरची
जरा घाईत आहे, म्हणून थेट विचारते. बालवाडीची प्रवेशाची पोस्ट गावच्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर टाकली. फोन नुसते वाजतायत. जो तो तेच तेच विचारतो आणि "बघतो, सांगतो" म्हणून ठेवून देतो. पाडव्याच्या आत नवी पोस्ट टाकायची आहे. काय चुकतंय ते सांगा, शुद्धलेखन नको. पोस्ट अशी आहे:

"प्रवेश सुरू! प्रवेश सुरू!! आपल्या पाल्याच्या सर्वांगीण विकासासाठी हसतखेळत शिक्षण. नर्सरी, छोटा शिशू, मोठा शिशू. वय: ३ वर्षे पूर्ण. उपक्रम: मणी ओवणे, मातीकाम, गाणी-गोष्टी, सण-समारंभ, स्मार्ट टीव्ही, व्यक्तिमत्त्व विकास. पालकांसाठी भेटीची वेळ सकाळी ११ ते १. शासनमान्य. प्रवेशासाठी मुलाखत आवश्यक. मर्यादित जागा, त्वरा करा!"

पुठ्ठेवाला
ताई, पोस्ट कोण वाचतो आता? फ्लेक्स लावा. एसटी स्टँडच्या समोर आठ बाय चार, पिवळ्यावर लाल अक्षरं, कोपऱ्यात फुगे घेतलेलं बाळ. आमच्याकडे डिझाइन तयार असतात, फक्त नाव बदलायचं.

कांदिवलीकर
तुमच्या पाल्याला नर्सरीत घालायचं असेल तर घाई करू नका. आमच्या मुलीच्या वेळी आम्ही सहा शाळांचे फॉर्म भरले होते. शाळेची बस घरापर्यंत येते का ते आधी बघा, मग बाकीचं.

ओटीवरची
@कांदिवलीकर, बालवाडी माझी आहे. मला प्रवेश घ्यायचा नाही, द्यायचा आहे.
@पुठ्ठेवाला, फ्लेक्सचे पैसे असते तर विचारलंच नसतं.

जुनी_पाटी
बालवाडी चालवण्यात आणि बालवाडीच्या शिक्षिकांना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून विचारते. फोनवर लोक नेमकं काय विचारतात? तुम्ही "तेच तेच" म्हणताय, पण ते तेच म्हणजे काय हे लिहिलंच नाहीत. आणि गाव कुठलं, पालक कामाला कुठे जातात?

ओटीवरची
"आमचा बसतो का?" हेच विचारतात. प्रत्येक जण जन्मतारीख सांगतो आणि मी बोटांवर मोजत बसते. दुसरं म्हणजे "आत्ता येऊ का बघायला?" दापोली तालुका, हर्णैच्या अलीकडे. बंदरावरची घरं बरीच, बाकी आंब्याच्या बागांत कामाला जाणारी.

नियमावली
वयाचं सोपं आहे. ३० सप्टेंबरला ३ वर्षं पूर्ण हवीत. सरकारचाच नियम आहे. पोस्टमध्ये "३० सप्टेंबर रोजी" एवढे शब्द घाला, विषय संपला.

जुनी_पाटी
नियमावली, तुमचा नियम होता, पण तो जुना. सप्टेंबर २०२० च्या शासन आदेशाने ही तारीख ३१ डिसेंबर केली, २०२१-२२ या वर्षापासून. ३१ डिसेंबरला ३ पूर्ण तर नर्सरी, ४ तर छोटा शिशू, ५ तर मोठा शिशू, ६ तर पहिली.

ओटीवरची, तुमच्या फोनचं मूळ इथेच आहे. "३ वर्षे पूर्ण" कधी? आज, जूनमध्ये की डिसेंबरात? आई आजचं वय मोजते, ते अडीच भरतं आणि ती मनातच म्हणते की आपला बसत नाही. जी फोन करते ती धीट. जिने केलाच नाही, तिचं मूल तुमच्या यादीत कधी येणारच नाही.

म्हणून पोस्टमध्ये वय लिहूच नका, जन्मतारखा लिहा. जून २०२६ च्या वर्गांसाठी असं:

नर्सरी: जन्म १ जानेवारी २०२३ ते ३१ डिसेंबर २०२३
छोटा शिशू: जन्म २०२२ मध्ये
मोठा शिशू: जन्म २०२१ मध्ये

कुणाला गणित करावं लागत नाही. दाखल्यावरचं साल बघायचं आणि ओळ शोधायची. दरवर्षी तिन्ही सालं एकेकाने पुढे सरकवली की पोस्ट पुढच्या वर्षीही चालते.

नियमावली
मग केंद्राचं काय? नव्या शैक्षणिक धोरणात पहिलीला सहा पूर्ण म्हणतात. केंद्रीय विद्यालयात तर ३१ मार्चला सहा लागतात. तुमच्या ३१ डिसेंबरने मुलं तिथे अडकतात.

जुनी_पाटी
ते खरं आहे आणि ते पालकांना सांगायलाही हवं. समजा मुलाचा जन्म २८ डिसेंबर २०२३ चा. आपल्या नियमाने तो या जूनमध्ये नर्सरीत बसतो, कारण ३१ डिसेंबर २०२६ ला त्याला तीन वर्षं आणि वर तीन दिवस होतात. असाच पुढे सरकत गेला तर जून २०२९ मध्ये पहिली, म्हणजे साडेपाच वर्षांचा. केंद्रीय विद्यालयाला मात्र तो एप्रिल २०३० मध्येच चालेल, मधलं एक वर्ष कुठेतरी काढावं लागेल. ज्यांना जिल्हा परिषदेच्या किंवा राज्य मंडळाच्या शाळेत घालायचं आहे त्यांना हा प्रश्नच नाही. बदलीची नोकरी असलेल्यांना आहे.

पण मला त्या पहिलीपेक्षा या जूनची काळजी जास्त वाटते. १५ जूनच्या सुमारास हा मुलगा अडीच वर्षांचाही नसेल. त्याच्या शेजारी जानेवारी २०२३ ची मुलगी बसेल, ती जवळजवळ साडेतीनची. ती स्वतः चप्पल काढते, "बाई, शी" म्हणून सांगते. हा सांगत नाही, करून मोकळा होतो. दोघं एकाच वर्गात, एकाच बाईंकडे. ओटीवरची, तुमच्याकडे मदतनीस आहे का?

ओटीवरची
एक मावशी आहेत. झाडणं, डबे उघडून देणं, मुलांना मागे नेऊन आणणं सगळं त्याच करतात. नर्सरीत गेल्या वर्षी अठरा मुलं होती.

जुनी_पाटी
मग वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत जन्मलेल्या मुलांसाठी वेगळी छोटी बैठक करता येते का बघा. जुलै ते डिसेंबर २०२३ वाली मुलं आधी दोनच तास आणि दिवाळीनंतर पूर्ण वेळ. पोस्टमध्ये हे एका ओळीत लिहा. आई ते वाचते आणि तिला कळतं की तुम्ही मुलांच्या वयाचा विचार केला आहे.

दाखल्याचं राहिलं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या जन्मतारखेसाठी जन्म दाखला हाच पुरावा धरायचा असा कायदा झाला आहे. तुमच्या नर्सरीतली शेवटच्या तीन महिन्यांची मुलं बरोबर त्यात येतात. आधारच्या कार्डावर भागवू नका. आपल्याकडे बाळंतपण मुंबईला माहेरी, दाखला तिकडच्या पालिकेचा आणि तो आत्याच्या कपाटात, असं असतं. आत्ताच सांगून ठेवा, जूनमध्ये कुणी मुंबईला जाऊन आणत नाही.

पोषणआहार
सगळं ठीक, पण गावात अंगणवाडी असताना ही बालवाडी कशाला? तीन ते सहा वयाच्या मुलांना तिथे फुकट शिकवतात, गरम जेवण देतात, वजन-उंची बघतात. तुम्ही फी घेऊन तीच मुलं ओढता आणि मग अंगणवाडीची पटसंख्या घसरली म्हणून बोंब.

ओटीवरची
माझ्याकडची निम्मी मुलं अंगणवाडीच्या यादीत आहेतच. वजनाला तिथे जातात, लस तिथे घेतात. सेविका माझी मावसबहीण आहे, आमचं भांडण नाही. तुमचं असेल तर वेगळा धागा काढा.

पोषणआहार
वेगळा कशाला? पालकांना निवड करायची तर दोन्हीकडचं समजायला हवं. तुमच्या पोस्टमध्ये "शासनमान्य" लिहिलंय. अंगणवाडी सरकारची आहे. तुमची मान्यता कसली?

जुनी_पाटी
भांडायचं म्हणून विचारलात, पण प्रश्न बरोबर विचारलात. ओटीवरची, तो शब्द काढा. प्राथमिक शाळेला असते तशी मान्यता खासगी बालवाडीला नसते. शिक्षण विभागाने २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर माहिती भरायला सांगितली. ती भरली असेल तर "नोंदणी केली आहे" लिहा. नोंदणी आणि मान्यता एक नाही.

"मुलाखत आवश्यक" हीसुद्धा ओळ काढा. प्रवेशासाठी मुलांची किंवा आईबापांची चाळणी घ्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मनाई आहे. तो बालवाडीला कितपत लागतो यावर वाद घालणारे घालोत. मुळात अडीच वर्षांच्या मुलाला विचारणार काय? आणि बंदरावरची बाई 'मुलाखत' वाचून घाबरते, तिला वाटतं आपल्यालाच इंग्रजीत विचारतील.

ओटीवरची
मुलाखत म्हणजे मी फक्त गप्पा मारते हो. बाकीच्या बालवाड्या लिहितात म्हणून लिहिलं.

मालवणी_मसालो
माका एक सांगा, ह्या ११ ते १ कोणाक जमता? माझी बायल सकाळी काजूच्या फॅक्टरीत जाता, संध्याकाळी येता. मी होडीवर. आमी बघूक कधी येवचा? आमच्या पोराक शेवटी आजयेन नेल्यान. तिका विचारलंय काय बघलंस, तर म्हणता, "बाकडे बघलंय."

जुनी_पाटी
आजीला बाकडीच दिसणार. ओटीवरची, तुमची मुलं सुटतात किती वाजता?

ओटीवरची
साडेअकराला. म्हणून तर ११ ठेवलं, माझं काम आवरतं ना.

जुनी_पाटी
म्हणजे पालक येतो तेव्हा मुलं दप्तरं पाठीला लावून दारात उभी, आणि बाराला आला तर वर्ग रिकामा. बालवाडी बघायची तर मुलं असताना. एक विचारते, ही भेटीची वेळ कुणासाठी आहे? नव्या पालकांसाठी, की ज्यांची मुलं आत्ता आहेत त्यांच्यासाठीही?

ओटीवरची
नव्यांसाठी! पण खरं सांगू, पोस्ट टाकल्यापासून जुन्या आयाही ११ ला येऊन खिडकीत उभ्या राहतात. एक दिसली की तिचं रडतं, मग त्याच्या बाजूचं रडतं.

जुनी_पाटी
तुमच्या पोस्टने दोन्ही पालकांना एकाच वेळी बोलावलंय. वेगळं करा.

नव्यांसाठी मंगळवार आणि गुरुवार, साडेनऊ ते दहा. एका वेळी दोनच घरं, आदल्या दिवशी फोन करून. भिंतीकडेला सतरंजीवर बसायचं, मुलांना हाक मारायची नाही, फोटो काढायचे नाहीत. अर्ध्या तासात बाई रडणाऱ्या मुलाला कसं घेते, पाणी सांडलं तर ओरडते की फडकं देते, हे दिसतं. फीचं बोलणं त्या वेळी नको, मुलं ऐकतात आणि तुमचं लक्ष उडतं.

आता आहेत त्या पालकांनी शनिवारी सुटल्यावर बोलायचं. खिडकी बंद.

आणि हे एप्रिलमध्येच उरका. वर्ग मे महिन्यात नसतात, मग चाकरमानी येऊन बघणार काय?

कांदिवलीकर
चाकरमानी म्हणून आमच्यावर का घसरता? आम्ही मे महिन्यातच येतो. मुलांचं उन्हाळी शिबिर ठेवलंत तर आम्ही पाठवू. पोहणं, आंबे खाणं वगैरे.

पुठ्ठेवाला
शिबिराचा फ्लेक्स वेगळा करून देईन.

मालवणी_मसालो
साडेनवाकव होडीवालो नाय येवचो. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यावेळी आमी घरीच.

जुनी_पाटी
हे मी विसरत होते. बंदीच्या त्या दोन महिन्यांत बाप घरी असतात आणि बालवाडी जूनच्या मध्यावर उघडते. पहिल्या आठवड्यात मुलाला सोडायला बापाला बोलवा, आईपेक्षा त्याच्याबरोबर मूल लवकर सुटतं असं मी पाहिलं आहे. सगळ्यांचं होईलच असं नाही.

पण प्रवेश तर त्याआधी व्हायला हवेत. त्यासाठी लिलावाच्या वेळी तुम्हीच बंदरावर जा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत, आपल्याच किनाऱ्यावर, काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पोषणआहार, तुमच्या अंगणवाडीची कल्पना तिथली, सरकारची योजना १९७५ ची. भेटीच्या वेळेचंही तसंच करा. लिलाव आटपला की बायका टोपल्या धुतात, तेव्हा दहा मिनिटं मिळतात. त्यात जन्मसाल विचारा, नाव लिहून घ्या.

पोषणआहार
हे मान्य. पण मग ओटीवरचींच्या सेविका बहिणीलाच विचारा ना, तिच्याकडे गावातल्या सगळ्या मुलांची जन्मतारखांसकट यादी असते.

ओटीवरची
ती यादी ती मला देणार नाही आणि मी मागणारही नाही. सरकारी वही आहे ती.
उपक्रमांबद्दल कुणी काहीच बोललं नाही. ते तरी बरं आहे का?

जुनी_पाटी
"व्यक्तिमत्त्व विकास" वाचून कुणाला काही दिसत नाही. तुमच्याकडे काल सकाळी मुलांनी काय केलं ते सांगा.

ओटीवरची
काल? आल्यावर ओट्यावर पाण्याचा खेळ. दोन पातेली, मध्ये करवंट्या. एकातलं दुसऱ्यात ओतायचं. एका करवंटीला भोक आहे, ती कुणालाच नको असायची, आता तिच्यासाठीच भांडतात, कारण त्यातून धार पडते. मग गाणी. मग ओल्या वाळूत बोटाने रेघा. मोठ्या शिशूने मणी आणि गुंजा ओवल्या. डबा. गोष्ट. घरी.

जुनी_पाटी
हेच लिहा! भोकाच्या करवंटीसकट. टीव्ही खाली कुठेतरी टाका, नाहीतर काढूनच टाका.

फक्त गुंजा आजच उचला. लाल-काळ्या दिसायला सुंदर, पण बी चावून फुटलं तर विषारी असतं. ओवायला भोक पाडता तेव्हा कवचच फुटतं, म्हणजे आणखी वाईट. आणि नर्सरीला मणी नकोत. सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या नळीतून जी वस्तू खाली जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, असा खेळण्यांचा साधा निकष आहे. चिंचोके त्यात येतात, मणी येतात, बारके शिंपले येतात. त्यांना कापलेला पाइप आणि जाड दोरी द्या. पोस्टमध्ये "मणी ओवणे" मोठ्या शिशूपुढे लिहा, म्हणजे विचारणाऱ्यांना फरक कळेल.

ओटीवरची
गुंजा काढल्या. मावशींनीच परसातून आणल्या होत्या, त्यांना वाईट वाटलं.
पोस्ट पुन्हा लिहिली, बघा:

"जून २०२६ चे प्रवेश. दाखल्यावरचं साल बघा. २०२३: नर्सरी. २०२२: छोटा शिशू. २०२१: मोठा शिशू. जुलै ते डिसेंबर २०२३ मधल्या मुलांना दिवाळीपर्यंत दोनच तास. सकाळी पाण्याचा खेळ, करवंटीने ओतणे, गाणी, वाळूत रेघा, डबा, गोष्ट. मोठ्या शिशूला मणी ओवणे. वर्ग चालू असताना बघायला या: एप्रिलमध्ये मंगळवार आणि गुरुवार साडेनऊ ते दहा, आदल्या दिवशी फोन करून, एका वेळी दोन कुटुंबं. बंदरावरच्या पालकांसाठी मी शनिवारी लिलावानंतर जेट्टीवर असेन. जन्म दाखला हवा. मुलाखत नाही."

नियमावली
चांगली झाली. पण "३१ डिसेंबर" हा शब्द कुठेच नाही. उद्या कुणी विचारलं तर?

ओटीवरची
विचारलं तर सांगेन. आज एकाने विचारलंच. शेजारच्या दोन घरांत दोन मुलगे, एक २८ डिसेंबर २०२३ चा, दुसरा ४ जानेवारी २०२४ चा. आया एकत्र पाठवायचं म्हणतात. दुसऱ्याला घेऊ का?

नियमावली
नाही. नियम म्हणजे नियम.

जुनी_पाटी
नर्सरीत नाही, त्याचं साल २०२४. तीन पूर्ण व्हायला त्याला ३१ डिसेंबरनंतर चार दिवस कमी पडतात. घेतलात तर पुढच्या वर्षी तो छोट्या शिशूत जायला मागेल आणि पहिलीच्या दारात अडेल. वेगळा खेळगट चालवत असाल तर त्यात बसवा, पण पुढच्या जूनमध्ये तो नर्सरीच करणार हे आईकडून लिहून घ्या.

ओटीवरची
खेळगट नाही माझ्याकडे. त्या दोन मुलांसाठी काढावा लागला तर जागा आणि बाई दोन्ही हवी.

मालवणी_मसालो
दुसऱ्याच्या आवशीक सांगतलास काय?

ओटीवरची
अजून नाही. ती शनिवारी जेट्टीवर भेटेल.

पुठ्ठेवाला
ताई, जेट्टीवर उभ्या राहणार तर मागे एक छोटा बॅनर तरी हवा.